इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन का वाढतं?

रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीतून वाहून जाते. समजा, दिवसाला 60 ग्रॅम गेली, तर सुमारे 240 कॅलरी, म्हणजे दोन-अडीच पोळ्या, अंगी लागतच नाहीत. इन्सुलिननं ही गळती थांबते. जेवण तेवढंच राहिलं तरी वजन चढतं. त्यातली काही भर आधीची झीज भरून निघाल्याची असते, ती हवीच. घाबरून इन्सुलिन चुकवू नये.

खरा घोळ साखर उतरल्यावर होतो. घाम, थरथर सुटली की माणूस लाडू, बिस्किटं खात सुटतो. त्याऐवजी तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. रोज सकाळी अकराला असं होत असेल, तर खाणं वाढवण्याऐवजी नोंदी डॉक्टरांना दाखवून डोस कमी करता येईल का, ते विचारावं.