कच्च्या पपईचा चीक काय करतो?

जालना जिल्ह्यातल्या धावड्यासारख्या गावात परसातल्या पपईकडे पोटुशी सून वळली, की सासूबाई हटकतात, "अगं, हात लावू नकोस. पपई उष्ण असते!" सून मुकाट्याने मागे फिरते. पण पपई उष्ण म्हणजे नेमकी कशी? थर्मामीटर खुपसला तर कच्च्या आणि पिक्या पपईचे तापमान सारखेच भरेल. मग या समजुतीत तथ्य किती? चला, तपासून पाहू.

कच्च्या पपईवर नखाने ओरखडा काढा. पांढरा चीक टपटप गळू लागेल. सालीखाली बारीक नळ्यांचे जाळे असते आणि त्यात हा चीक दाबाखाली भरलेला असतो. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की हवा बाहेर येते ना, तसाच हा प्रकार. पहाटे झाडात पाणी भरपूर असल्याने दाब जास्त असतो. म्हणून चीक गोळा करणारे सकाळी लवकर फळाला चिरा पाडतात. फळ पिकत जाते तसा चीक कमी होत जातो. पिवळ्याधमक, मऊ पपईत तो जवळजवळ उरत नाही. अर्धवट पिकलेल्या पपईत मात्र तो असतो.

या चिकात पेपेन आणि त्याच्यासारखी आणखी काही विकरे म्हणजे एन्झाइम असतात. ती प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडतात. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळतात, तो याचसाठी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या अदेबियी, अडाइकन आणि प्रसाद या संशोधकांनी नेमकी हीच समजूत तपासली. त्यांचा निबंध 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गाभण उंदरांच्या माद्यांना पिक्या पपईचा रस हवा तेवढा पिऊ दिला, तर दुसऱ्या गटाला साधे पाणी दिले. शेवटी दोन्ही गटांतल्या जिवंत गर्भांची संख्या मोजली. तीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

दुसरा प्रयोग गर्भाशयाच्या स्नायूवर होता. असा प्रयोग करताना स्नायूची पट्टी शरीराइतक्या उबदार क्षारद्रवात टांगतात. तिचे एक टोक पक्के बांधतात आणि दुसरे ताण मोजणाऱ्या उपकरणाला जोडतात. स्नायू आखडला की ताण वाढतो आणि आलेखाची रेघ वर चढते. पिक्या पपईच्या रसाने रेघ विशेष हलली नाही. मग चीक घातला. त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला 0.1 पासून 3.2 मिलिग्रॅमपर्यंत होते. आता रेघ झपकन वर गेली. बाळंतपणात कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनने स्नायू आखडतो, तसाच तो चिकानेही आखडला. 18-19 दिवसांच्या गाभण माद्यांचा स्नायू तर बराच वेळ घट्ट आवळलेलाच राहिला. उंदराची गर्भावस्था सुमारे 22 दिवसांची असते. म्हणजे हे दिवस आपल्याकडच्या आठव्या महिन्याच्या आसपासचे झाले.

मग समजूत सिद्ध झाली का? जरा थांबा. त्या भांड्यात चीक स्नायूला थेट भिडला होता. आपण खाल्लेला चीक आधी जठरात जातो. पेपेन हे स्वतःच एक प्रथिन आहे, त्यामुळे त्याचाही बराचसा भाग तिथे पचून जातो. उरलेले रक्तात शिरून गर्भाशयापर्यंत किती पोहोचते, हे या प्रयोगाने सांगितलेले नाही. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. स्नायूला आखडवण्याचा गुण चिकात आहे, इतकेच येथे सिद्ध झाले. कच्ची पपई खाल्ली की गर्भपात होतोच, असे मुळीच नाही.

म्हणूनच संशोधकांनी निष्कर्ष जपून काढला. पिकी पपई नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने धोका दिसत नाही. कच्ची किंवा अर्धवट पिकलेली मात्र गरोदरपणी असुरक्षित ठरू शकते. ती टाळण्यात नुकसान काहीच नाही, म्हणून टाळावी हे बरे. म्हणजे सासूबाईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. फक्त कारण उष्णता नसून चीक आहे, आणि पिक्या पपईवर आळ विनाकारण आहे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. एखादीचा गर्भ सुरुवातीच्या महिन्यांत पडला, की "पपई खाल्ली असशील!" असे बोल तिला लागतात. वास्तविक असे जवळजवळ निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे पपईचा काही संबंध नसतो आणि त्या बाईचाही काही दोष नसतो. पोटात कळा आल्या किंवा रक्तस्राव झाला, तर काय खाल्ले याची चौकशी करत बसण्यापेक्षा तिला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आता परसातल्या झाडाकडे पुन्हा पाहा. हिरवी पपई भाजीसाठी घरातल्या इतरांना द्या. सुनेसाठी मात्र पूर्ण पिवळी, मऊ झालेली पपई काढा. सालीवर ओरखडा काढून पाहा. पांढरा थेंब आला, तर ती आणखी काही दिवस पिकू द्या.