मान वर, मान खाली

रेहेकुरीच्या माळावर हरणी चरताना पाहा. दोन-चार घास घेते, मान वर करते, कान फिरवते, पुन्हा चरू लागते. मान वर असते तेवढा वेळ चरणं थांबतं. खाली असते तेवढा वेळ लांडगा चुकण्याची भीती. मोठ्या कळपातली हरणी मान कमी वेळा वर करते, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं.

हे मोजायची सोपी रीत म्हणजे स्कॅन सॅम्पलिंग. ठरावीक वेळाने कळपावरून एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी किती माना वर आहेत ते लिहायचं. नियम आधीच ठरवावा लागतो: मान वर पण तोंडात रवंथ चालू, हे टेहळणीत धरायचं की नाही?

समजा, अर्ध्या तासात दर दोन मिनिटांनी अशा पंधरा नोंदी घेतल्या. चार हरणींच्या कळपात साठपैकी २४ वेळा मान वर, म्हणजे ४० टक्के. वीस हरणींच्या कळपात तीनशेपैकी ३०, म्हणजे १० टक्के. आता कळपाच्या नजरेने पाहू. चारही माना एकाच वेळी खाली असण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, सुमारे १३ टक्के. वीस माना खाली असण्याची ०.९ चा विसावा घात, सुमारे १२ टक्के. प्रत्येकीने पहारा चौपट कमी केला, तरी कळपाचा पहारा तेवढाच राहिला!

हा हिशेब हरणी एकमेकींकडे न बघता मान वर करतात असं धरून चालतो. खरं-खोटं नोंदवहीतच कळतं. दोन्ही कळपांत पंधरापैकी साधारण दोन नोंदींत सगळ्या माना खाली सापडायला हव्यात. पाच-सहा सापडल्या, तर एकीचं पाहून दुसरी मान हलवते आहे, असा संशय घ्यावा. अर्थात पंधरा नोंदी त्यासाठी तोकड्याच.

अहवालात सगळ्यात जास्त घोळ होतो तो त्या तीनशेच्या आकड्याचा. त्या तीनशे स्वतंत्र नोंदी नव्हेत. त्याच वीस हरणी पुन्हा पुन्हा मोजल्या आहेत. आलेखात एका कळपाचा एकच ठिपका हवा, आणि निष्कर्षासाठी असे बरेच कळप.

मग मान खाली का? इतरांचे डोळे आहेत म्हणून, की लांडग्याने वीसांतून आपल्यालाच धरण्याची शक्यता कमी म्हणून? या दुसऱ्या कारणाला डायल्यूशन इफेक्ट म्हणतात. गवतासाठी चढाओढ असली तरी मान खालीच राहते. मानांची मोजदाद यांतलं कारण निवडू शकत नाही. त्यासाठी हल्ले मोजावे लागतात. फॉस्टर आणि ट्रेहर्न यांनी १९८१मध्ये तेच केलं. समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या किड्यांवर मासे खालून झडप घालतात, त्यामुळे टेहळणीचा उपयोग जवळजवळ नाहीच. थवा लहान असो वा मोठा, हल्ले साधारण तेवढेच झाले; म्हणून एकेका किड्याच्या वाट्याचा धोका थव्याच्या आकाराच्या प्रमाणात उतरत गेला. वीस हरणींचा कळप दुरून दिसतो म्हणून त्यावर पाचपट हल्ले झाले असते, तर ही वाटणी चारच्या कळपाइतकीच राहिली असती.