लेखांक ६ : सुटलेलं पोट आणि उसाची मोळी

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. या पट्ट्यात ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून हंगामात तोडणीच्या टोळ्या आहेत. कोयता चालवणाऱ्या माणसांत सुटलेलं पोट शोधून सापडायचं नाही. तरी दिवस मावळल्यावर कोपीपुढे बामची डबी फिरते आणि दुकानातून आणलेली वेदनेची गोळी पोटात जाते. ‘वजन कमी करा, कंबर थांबेल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. ज्यांना कमी करायला वजनच नाही, त्यांची कंबर दुखते कशाने?

हालचाली बघितल्या की उत्तर दिसतं. ऊस जमिनीलगत तोडायचा म्हणून तासन् तास कमरेत वाकून राहायचं. मग वाढ्यांनी मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचं.

पाठीचा कणा आपल्या पुढ्यातलं ओझं तराजूसारखं तोलतो. ओझं कण्यापासून जितकं लांब, तितकं पाठीच्या स्नायूंना मागून जास्त ओढावं लागतं. आणि हे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. समजा, २० किलोचं पोतं कण्यापासून ५० सेंटिमीटरवर धरलं. २० गुणिले ५० म्हणजे १०००, भागिले ५, म्हणजे स्नायूंना २०० किलोंइतकी ओढ द्यावी लागली. तेच पोतं छातीशी, २५ सेंटिमीटरवर घेतलं तर ओढ १०० किलोंवर येते. आता पोटावरची १० किलो चरबी घ्या, कण्यापासून २० सेंटिमीटरवर. तिची ओढ ४० किलो. थोडक्यात, पोतं जवळ घेतल्याने त्या क्षणी जे वाचतं, ते दहा किलो वजन उतरवून वाचत नाही.

हा ढोबळ हिशेब प्रत्यक्ष मापाशीही जुळतो. जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या मणक्याच्या गादीत सुईसारखा संवेदक बसवून दाब मोजला. निष्कर्ष १९९९ साली छापले. नुसतं उभं राहताना जो दाब होता, तो २० किलो अंगाशी धरल्यावर दुपटीच्या थोडा वर गेला. तेच वजन ६० सेंटिमीटर पुढे धरलं तेव्हा साडेतीन पट झाला, आणि पाठ वाकवून उचललं तेव्हा साडेचार पट. माणूस एकच होता, हे मात्र विसरायचं नाही.

मग पोटाला माफी? नाही. मोळी खाली ठेवता येते, पोट दिवसभर बरोबर असतं. शिवाय मोठं पोट असलं की पोतं छातीशी येतच नाही. पोट त्याला पुढे ढकलतं आणि हिशेबातले सेंटिमीटर वाढतात. २०१० साली ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा लठ्ठ लोकांत वर्षभरातल्या कंबरदुखीची शक्यता सुमारे एक-तृतीयांशाने जास्त निघाली. म्हणजे वजनाचा वाटा खरा आहे, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

स्नायूंकडे वळलं की ताकदीपेक्षा दम महत्त्वाचा ठरतो. १९८४ साली डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेनसेन यांनी लोकांना टेबलावर पालथं झोपवलं, कमरेपुढचं अंग कडेबाहेर अधांतरी आणि पाय पट्ट्याने बांधलेले. धड आडवं किती वेळ टिकतं, एवढंच पाहायचं. ज्या पुरुषांचा दम लवकर सुटला, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याची शक्यता जास्त होती. स्त्रियांबाबत चित्र इतकं स्पष्ट नव्हतं. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा हा दम कधी वापरलाच जात नाही, आणि फडातल्या माणसाचा दुपारपर्यंत संपतो. एकाला सराव हवा, दुसऱ्याला विश्रांती. दोघांना एकच व्यायाम सांगणारा डॉक्टर अर्धंच ऐकतो.

सराव म्हणजे जिमच हवी असं नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला मदत केली. त्यांचं दुखणं पुन्हा उलटायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, इतरांचं ११२ दिवसांत उलटलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवला; वजन उतरवणारी औषधं त्यासाठी देऊ नयेत असं सांगितलं.

पायात बधिरपणा किंवा कमजोरी वाढत असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर व्यायाम, बाम, मालिश सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.