21 की 36?

प्रश्न असा: ‘दोन फासे एकाच वेळी टाकले, तर वरच्या पृष्ठभागांवरील अंकांची बेरीज किमान 10 असण्याची संभाव्यता काढा.’ दहावीच्या गणितात संभाव्यतेचं प्रकरण सुरू झालं की अशा प्रश्नांचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागतात. कुणी मावशीला पाठवतं, कुणी शिकवणीच्या ग्रुपवर टाकतं. फोटोत बहुतेक वेळा प्रश्नाशेजारी दोन फाशांचं चित्रही असतं. दोन्ही पांढरे, दोन्हींवर काळे ठिपके, अगदी एकसारखे. या प्रश्नातली सगळ्यात मोठी चूक त्या एकसारखेपणातूनच होते.

पुस्तकाची पद्धत सरळ आहे. प्रयोगातून निघू शकणाऱ्या सगळ्या निष्पत्ती लिहायच्या. हा झाला नमुना अवकाश, S. आपल्याला हव्या असलेल्या निष्पत्ती त्यातून वेगळ्या काढायच्या. ही झाली घटना, A. मग P(A) = n(A)/n(S). भागाकार कुणालाही जमतो. गणित खरं सुटतं किंवा बिघडतं ते यादी करताना.

मुलं यादी करायला बसतात तेव्हा दोन प्रकारच्या याद्या तयार होतात. एका यादीत ‘4 आणि 6’ एकदाच येतं. दोन्ही फासे सारखेच दिसतात, मग 4-6 काय आणि 6-4 काय, असा विचार त्यामागे असतो. अशा जोड्या मोजल्या तर 21 भरतात: वेगवेगळ्या अंकांच्या 15 आणि सारख्या अंकांच्या 6. दुसऱ्या यादीत (4,6) आणि (6,4) अशा दोन वेगळ्या निष्पत्ती असतात आणि एकूण संख्या 36 होते. पहिल्या यादीप्रमाणे किमान 10 बेरजेच्या जोड्या चार: 4-6, 5-5, 5-6, 6-6. उत्तर 4/21. दुसऱ्या यादीप्रमाणे सहा: (4,6), (5,5), (6,4), (5,6), (6,5), (6,6). उत्तर 6/36, म्हणजे 1/6.

बरोबर उत्तर 1/6. पण ‘पुस्तकात 36 लिहिलंय म्हणून’ एवढंच कारण मुलाला दिलं, तर पुढच्या प्रश्नात ते पुन्हा अडखळेल. म्हणून मी एक फासा लाल आणि दुसरा निळा आहे असं समजायला सांगते. आता लालवर 4, निळ्यावर 6 ही एक गोष्ट आणि लालवर 6, निळ्यावर 4 ही दुसरी, हे लगेच पटतं. 5-5 मात्र एकाच प्रकारे येतं. मग फाशांचा रंग खरवडून टाकला तर काय बदलेल? आपल्याला फासे ओळखता येणार नाहीत, एवढंच. ते पडतात तसेच पडत राहतील. 4-6 ही जोडी 5-5 च्या दुप्पट वेळा येईल, कारण तिच्याकडे येण्याच्या वाटा दोन आहेत. 21 ची यादी तशी खोटी नाही. तिच्यातल्या निष्पत्ती समसंभाव्य नाहीत. आणि n(A)/n(S) हे सूत्र समसंभाव्य निष्पत्तींनाच लागू पडतं. पुस्तकात हा शब्द प्रकरणाच्या सुरुवातीला येतो आणि मुलं तो ओलांडून पुढे जातात. माझ्या मते सगळ्या प्रकरणात जपून ठेवावा असा तोच एक शब्द आहे.

ही चूक बाळबोध नाही. लायब्निट्झसारख्या गणितज्ञालाही दोन फाशांवर 11 आणि 12 येण्याची शक्यता सारखीच वाटली होती, कारण 11 साठी फक्त 5-6 आणि 12 साठी फक्त 6-6. प्रत्यक्षात 11 ची संभाव्यता 2/36 आणि 12 ची 1/36. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, गॅलिलिओने तीन फाशांवर एक छोटं टिपण लिहिलं. जुगार खेळणाऱ्यांना दिसत होतं की 10 ही बेरीज 9 पेक्षा किंचित जास्त वेळा येते. पण अंकांचे गट मोजले तर दोन्हींचे सहा-सहाच. 9 साठी 1-2-6, 1-3-5, 1-4-4, 2-2-5, 2-3-4 आणि 3-3-3. गॅलिलिओने प्रत्येक गट किती क्रमांनी पडू शकतो ते मोजलं. तिन्ही अंक वेगळे असतील तर सहा क्रम, दोन सारखे असतील तर तीन, तिन्ही सारखे असतील तर एकच. 9 च्या वाट्याला 216 पैकी 25 निष्पत्ती आल्या, 10 च्या वाट्याला 27. 3-3-3 हा एकुलता गट 9 ला मागे ओढतो.

यादी पूर्ण झाली की नाही, हे तपासायची सोपी रीत आहे. सहा ओळी, सहा रकाने असा तक्ता काढा. ओळ पहिल्या फाशाची, रकाना दुसऱ्याचा. बेरीज 2 पासून 12 पर्यंत प्रत्येकीची घरं मोजा: 1, 2, 3, 4, 5, 6, 5, 4, 3, 2, 1. चढण आणि उतरण सारखी आली नाही, तर एखादी निष्पत्ती सुटली आहे.

फोटोमुळे होणारे घोटाळे वेगळे. पानाच्या कडेला ‘किमान’ हा शब्द कापला गेला आणि कुणी अंदाजाने ‘10 पेक्षा जास्त’ असं वाचलं, तर सहाच्या जागी तीनच निष्पत्ती उरतात आणि उत्तर निम्मं होतं. पत्त्यांच्या प्रश्नात धोका वरच्या ओळीत असतो. ‘कॅटमधून काळ्या रंगाचे राजा, राणी व गुलाम बाजूला काढले’ हे वाक्य वर राहतं आणि फोटो फक्त खालच्या उपप्रश्नाचा येतो: ‘काढलेला पत्ता राणी असण्याची संभाव्यता’. सोडवणारा 4/52 लिहून मोकळा होतो. खरं तर सहा पत्ते गेल्यावर कॅटमध्ये 46 उरले, राण्या दोनच, म्हणून उत्तर 2/46, म्हणजे 1/23. उपप्रश्नाला क्रमांक असेल, तर त्याच्या वरचा भाग मागवल्याशिवाय S लिहूच नये.

आता पत्त्यांची गंमत पाहा. फक्त चार एक्के घ्या: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. त्यातून एकापाठोपाठ दोन काढायचे, पहिला परत न ठेवता. दोन्ही लाल येण्याची संभाव्यता किती? क्रम लक्षात घेतला तर निष्पत्ती 12, त्यात दोन्ही लाल अशा 2: आधी बदाम मग चौकट, किंवा उलट. उत्तर 1/6. क्रम सोडून नुसत्या जोड्या मोजल्या तर जोड्या 6, लाल जोडी 1. उत्तर पुन्हा 1/6! फाशांत चुकलेली पद्धत इथे बरोबर ठरते, कारण बदाम-बदाम अशी जोडी इथे येऊच शकत नाही. प्रत्येक जोडीला बरोबर दोन क्रम आहेत, म्हणून सगळ्या जोड्या समसंभाव्य.

पहिला पत्ता परत ठेवून पिसला आणि मग दुसरा काढला, तर बदामावर बदाम येऊ शकतो. क्रमासह निष्पत्ती 16, दोन्ही लाल अशा 4, उत्तर 1/4. नुसत्या जोड्या मात्र 10 आणि त्यातल्या लाल 3. 3/10 हे उत्तर चूक, कारण बदाम-बदामला एकच क्रम आहे आणि बदाम-चौकटला दोन. पूर्ण 52 पत्त्यांतही हेच. परत न ठेवता दोन पत्ते काढले तर दोन्ही एक्के येण्याची संभाव्यता क्रमासह 12/2652, जोड्यांनी 6/1326, दोन्ही मिळून एकच उत्तर: 1/221. पत्ता परत ठेवला तर 16/2704, म्हणजे 1/169. ‘परत न ठेवता’ या तीन शब्दांवर एवढा फरक पडतो, आणि छापील ओळीत ते बरेचदा शेवटी, फोटोच्या कडेलाच असतात.