बाराचं घड्याळ आणि अपूर्णांक

घड्याळातले तास हा एक सान्त गट आहे. 0 ते 11 एवढ्याच संख्या आणि 12 झाले की पुन्हा 0. या गटाला Z/12 म्हणतात. परिमेय संख्यांचा, म्हणजे सगळ्या अपूर्णांकांचा गट Q. या दोघांचा टेन्सर गुणाकार केला, तर हाती फक्त शून्य उरतं.

टेन्सर गुणाकारात एक अपूर्णांक आणि एक तास यांची जोडी करतात, उदाहरणार्थ ½ ⊗ 5. अशा जोड्यांची बेरीज दोन्ही बाजूंनी वाटून देता येते. म्हणूनच एका बाजूचा पूर्णांक गुणक दुसऱ्या बाजूला सरकवता येतो. सगळी गोष्ट या सरकवण्यावरच उभी आहे. ½ म्हणजे 12 × 1/24. त्यातले 12 उजवीकडे सरकवले की 1/24 ⊗ 60 मिळतं. पण घड्याळावर 60 म्हणजे 0, आणि शून्याशी केलेली जोडी शून्यच. अपूर्णांक कोणताही घ्या, त्याला 12 ने भागता येतंच. म्हणून एकही जोडी वाचत नाही. गटात n घटक असतील, तर त्यातल्या प्रत्येक घटकाची n पट शून्य असते (हे लाग्रांजचं प्रमेय), म्हणून 12 च्या जागी n ठेवून हाच युक्तिवाद प्रत्येक सान्त आबेली गटाला लागू पडतो.

आता Q ऐवजी पूर्णांकांचा गट Z घ्या. तिथे 1 ⊗ 5 शून्य होत नाही, कारण 1/12 हा पूर्णांक नाही आणि सरकवायला 12 सापडतच नाहीत. Z ⊗ Z/12 हे पुन्हा Z/12 च असतं. म्हणजे Z हा Q मध्ये कुठलीही माहिती न गमावता सामावलेला असला, तरी दोघांचा Z/12 शी टेन्सर घेतल्यावर पूर्ण घड्याळ शून्यात कोसळतं. ज्या गटाशी टेन्सर घेतल्यावर असं सामावणं कधीच मोडत नाही, त्याला फ्लॅट म्हणतात. ही संकल्पना झाँ-पिएर सेर यांनी 1956 साली मांडली. Z/12 फ्लॅट नाही, हे वरच्या उदाहरणातूनच सिद्ध झालं.

इथे एक गैरसमज सहज होतो. शून्य Q मुळे आलं, तर दोषही Q चाच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात Q फ्लॅट आहे. Q शी टेन्सर घेताना 1 ⊗ b शून्य होतो तो एकाच परिस्थितीत: b ची एखादी शून्येतर पूर्णांकपट शून्य असेल तरच. A हा गट B मध्ये सामावलेला असेल, तर B मध्ये शून्य होणारी ती पट A मध्येही शून्यच असते. म्हणून A चं जे Q ने पुसलं जाईल, ते B च्या येण्याआधीच पुसलेलं असतं. नवीन नुकसान होत नाही. घटक शून्य होणं वेगळं आणि सामावणं मोडणं वेगळं.

‘सान्त’ ही अट मात्र जपून वापरायला हवी. Z/2, Z/3, Z/5 अशा सगळ्या मूळसंख्यांच्या घड्याळांचा अनंत गुणाकार घेतला, तर (1, 1, 1, …) या घटकाची कोणतीही शून्येतर पट शून्य होत नाही. त्यामुळे प्रत्येक घड्याळ एकेकटं पुसलं जात असूनही त्यांचा हा गुणाकार Q शी टेन्सर घेतल्यावर शून्य होत नाही.