एक विद्यार्थिनी, तीन बेरजा

एका वर्गाचा निकाल घेऊ. सहा विषय आहेत. प्रत्येक विषयाच्या वीस-वीस गुणांच्या दोन घटक चाचण्या झाल्या आणि दोन्हींची सरासरी निकालात धरायची आहे. एका मुलीच्या सहा सरासऱ्या अशा आल्या: १६.५, १४.५, १८.५, १२.५, १७ आणि १५. त्यांची खरी बेरीज ९४ होते. गुणपत्रकात अर्धा गुण दिसायला नको, म्हणून प्रत्येक विषयाचा गुण जवळच्या पूर्णांकात बदलायचा असं ठरलं.

शाळेतल्या शिक्षकांनी हे एक्सेलमध्ये `ROUND` वापरून केलं. १७, १५, १९, १३, १७, १५ असे गुण आले आणि बेरीज झाली ९६. त्याच याद्या घेऊन निकालाचा छोटा प्रोग्राम लिहिणाऱ्याने पायथनमधलं `round` वापरलं. त्याच्याकडे १६, १४, १८, १२, १७, १५ आले आणि बेरीज झाली ९२. मूळ गुण एकच, दोन्हीकडच्या आज्ञेचं नावही एकच, तरी बेरजेत चार गुणांचा फरक. आकडे टाइप करताना कुणाची चूक झालेली नाही. दोन्ही प्रोग्रामही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच चालले आहेत.

गोंधळ फक्त बरोबर मधोमध पडणाऱ्या आकड्यांचा आहे. १६.४ म्हणजे १६ आणि १६.६ म्हणजे १७, यावर कुणाचंच दुमत नाही, कारण तिथे एक पूर्णांक खरोखरच जास्त जवळ असतो. १६.५ मात्र १६ पासून जितका लांब, तितकाच १७ पासून. ‘जवळचा पूर्णांक’ या शब्दांना इथे उत्तरच सापडत नाही, म्हणून वेगळा नियम करावा लागतो, आणि तो प्रत्येकाने आपापल्या सोयीने केला आहे.

एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस यांचा नियम आपण शाळेत शिकलो तोच आहे: अर्धा असेल तर पुढचा पूर्णांक घ्या. पायथन ३ चा नियम असा: अर्धा असेल तर दोन शेजाऱ्यांपैकी जो सम असेल तो घ्या.

```
round(12.5)   # 12
round(13.5)   # 14
round(14.5)   # 14
```

१२.५ खाली उतरला आणि १३.५ वर चढला. १३.५ आणि १४.५ हे वेगवेगळे गुण तर एकाच १४ वर येऊन बसले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही सरळसरळ चूक वाटते. पण नियम मुद्दाम केलेला आहे आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे.

प्रत्येक अर्धा वर ढकलला की दर वेळी मूळ आकड्यात अर्ध्याची भर पडते आणि ती कधीच परत वजा होत नाही. दोन पूर्णांकांची सरासरी काढताना असे अर्धे तुरळक येतात, असं समजू नका. दोन चाचण्यांच्या गुणांची बेरीज विषम आली की सरासरीत अर्धा आलाच, आणि बेरीज सम यावी की विषम, याची शक्यता साधारण सारखीच. चाळीस मुलांच्या वर्गात सहा विषयांच्या २४० सरासऱ्या निघतील आणि त्यातल्या सुमारे १२० अर्ध्यावर संपतील. एक्सेल त्या सगळ्या वर ढकलेल. म्हणजे वर्गाच्या एकूण गुणांत सुमारे ६० गुण कुणीही न मिळवता वाढतील, दर मुलामागे सरासरी दीड. सम पूर्णांकाकडे जाण्याच्या नियमात त्या १२० पैकी निम्मे वर जातात, निम्मे खाली, आणि वर्गाची एकूण बेरीज जवळपास जागच्या जागी राहते.

एकाच दिशेची बारीक चूक साठत गेली की काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचं आहे. जानेवारी १९८२ मध्ये तिथला निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढत, आणि तीन दशांश स्थळांपुढचा भाग राउंड न करता नुसता छाटून टाकत. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास उतरला होता. हिशेब सुधारला तेव्हा खरा आकडा १०९८ च्या वर निघाला. तिथे अर्ध्याचा प्रश्न नव्हता, छाटणीचा होता. पण कल सतत एकाच बाजूला राहिला तर आकडे कुठवर घसरतात, हे त्यावरून दिसतं. संगणकातल्या अपूर्णांकांच्या हिशेबासाठी १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आलं. त्यात नेहमीची पद्धत म्हणून सम आकड्याचाच नियम धरला गेला. पायथननेही तो स्वीकारला, पण सुरुवातीपासून नाही. पायथन २ मध्ये `round` एक्सेलसारखंच वागत असे. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ते बदललं. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालवल्यावर काही बेरजा आपोआप बदलण्याचं हे एक कारण.

मग पायथनचा नियम जास्त न्याय्य म्हणायचा का? वर्गाच्या एकूण बेरजेसाठी हो. एकेका मुलासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वर्गातला दुसरा विद्यार्थी घ्या. त्याच्या सरासऱ्या १५.५, १३.५, १७.५, ११.५, १६ आणि २० आहेत. खरी बेरीज पुन्हा ९४, आधीच्या मुलीइतकीच. एक्सेल याला १६, १४, १८, १२, १६, २० असे गुण देऊन ९६ देतं. तिलाही ९६ च मिळाले होते. दोघांना दोन-दोन गुण जादा मिळाले खरे, पण दोघं बरोबरीतच राहिले. पायथनमध्ये मात्र याचे सगळे अर्धे विषम आकड्यांनंतरचे असल्यामुळे वर चढतात आणि याला ९६ मिळतात. तिचे सगळे अर्धे सम आकड्यांनंतरचे, म्हणून ते खाली उतरतात आणि तिला ९२. सारखंच यश मिळवलेल्या दोघांत चार गुणांची दरी पडली, आणि त्याचं कारण विचारायला आलेल्या पालकांना ‘तुमच्या मुलीचे आकडे सम होते’ असं कोण सांगणार? हजारो आकड्यांत चुका एकमेकींना खोडतात हे खरं, पण एका मुलाचे विषय सहाच असतात.

उत्तीर्णतेच्या रेषेवर तर याचा फटका सरळ बसतो. उत्तीर्ण व्हायला ३५ लागत असतील आणि कुणाला ३४.५ मिळाले असतील, तर एक्सेल त्याला ३५ देऊन पास करतं आणि पायथन ३४ देऊन नापास. रेषा ४० ची असती तर ३९.५ चे दोन्हीकडे ४० च झाले असते आणि हा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता.

आता तिसरी बेरीज. एक्सेलमध्ये पुष्कळजण `ROUND` लिहीतच नाहीत. दशांश स्थळं कमी करण्याचं बटण दाबतात आणि १६.५ च्या जागी १७ दिसायला लागले की काम झालं असं समजतात. त्या बटणाने फक्त दिसणं बदलतं. सेलमध्ये आत १६.५ च असतात आणि बेरीज त्यांचीच होते. त्या मुलीच्या छापील गुणपत्रकात मग १७, १५, १९, १३, १७, १५ दिसतील आणि खाली एकूण ९४. घरी कुणी पेनाने बेरीज केली की ती ९६ भरते. तक्रार घेऊन शाळेत येणारी बरीचशी गुणपत्रकं याच जातीची असावीत, असा माझा अंदाज आहे.

एक्सेलच्या आतही एकवाक्यता नाही, ही आणखी गंमत. शीटमधल्या सूत्रात `ROUND(2.5,0)` चं उत्तर ३ येतं, पण त्याच फाइलच्या मॅक्रोमध्ये व्हीबीएचं `Round(2.5)` लिहिलं तर २. तेव्हा ‘आम्ही सगळं एक्सेलमध्येच करतो’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

फरकाचं मूळ ओळखायचं असेल, तर दोन्हीकडचे गुण शेजारी ठेवून वजाबाकी करा. फरक जिथे आहे तिथे तो बरोबर एकचा असेल, एक्सेलचा गुण जास्त असेल आणि मूळ गुण दर वेळी १२.५, १४.५, १६.५ असे सम आकड्यानंतरचेच असतील, तर कारण हाच नियम. फरक दशांशात राउंड केलेल्या आकड्यांत दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पायथनच्या अधिकृत माहितीतच याचं उदाहरण दिलं आहे: `round(2.675, 2)` चं उत्तर २.६७ येतं. सम आकड्याच्या नियमाने २.६८ यायला हवं होतं, कारण ८ सम आहे. पण संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्याला २.६७५ तंतोतंत साठवता येत नाही. प्रत्यक्षात साठतो तो २.६७४९९९… असा किंचित लहान आकडा. तो मधोमध नाहीच, म्हणून खाली जातो. एक्सेल मात्र २.६८ दाखवतं. १२.५ सारखे निव्वळ अर्धे मात्र संगणकात तंतोतंत साठतात, तिथे ही सबब चालत नाही.

उपाय म्हणाल तर विषयवार राउंड करूच नये. अर्धे गुण तसेच ठेवून बेरीज करावी आणि राउंड एकदाच, एकूण गुणांवर करावं. वरच्या दोघांना मग दोन्हीकडे ९४ च मिळतील. एकूण ९२.५ आले तर तिथे प्रश्न उरतोच, म्हणून अर्ध्याचं काय करायचं हे परीक्षेआधी लेखी ठरवावं लागतं. शाळेचा नेहमीचा नियम पायथनकडून पाळून घ्यायचा असेल, तर तो असा सांगता येतो:

```
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

def gun(x):
    d = Decimal(str(x))
    return int(d.quantize(Decimal("1"), ROUND_HALF_UP))
```

यातलं `str` गाळू नये. ते असल्यामुळे आकडा आपल्याला दिसतो तसाच आत जातो. ते नसेल तर पूर्णांकांच्या वेळी काही बिघडत नाही, पण पुढे कुणी हाच प्रोग्राम दोन दशांश स्थळांसाठी वापरला की २.६७५ ची भानगड परत उभी राहते. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणारी परीक्षा असेल तर नावावर जाऊ नका. ‘हाफ अप’ म्हटलं तरी हा नियम उणे अर्ध्याला वर शून्यावर नेत नाही, एक्सेलच्या `ROUND` प्रमाणेच उणे एकवर नेतो. पायथनचं साधं `round` तिथे शून्य देतं.