पहिलं पान टाकण्याआधी

ब्रिजमध्ये पहिली उतारी झाली, की खेळणाऱ्याचा भिडू आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडून मोकळा होतो. ही उघडी पानं म्हणजे डमी. नवखा खेळाडू नेमका याच क्षणी घसरतो. उतरलेल्या रंगाचा एक्का डमीत समोरच दिसत असतो, जीभ शिवशिवते आणि ‘एक्का’ हा शब्द तोंडातून निघून जातो. डमीतल्या पानाचं नाव घेतलं की ते खेळलं गेलं असं नियम धरतो. बोलताना चुकून भलतंच नाव आलं तर गोष्ट वेगळी, पण विचार बदलला म्हणून पान मागे घेता येत नाही. बारा हात खेळायचे शिल्लक असतात, पण डावाचा निकाल तेवढ्यात लागलेला असू शकतो.

मुरलेला खेळाडू इथे थांबतो. पहिलं पान उघड-उघड ठरलेलं असलं, तरी थांबतो. त्या वेळात तो मोजत असतो.

मेंढीकोट किंवा लॅडीस खेळलेल्यांना हुकूम, भिडू आणि हात ओढणं यात नवं काही नाही. वेगळेपण बोलीत आहे. ‘चार इस्पिक’ ही शेवटची बोली ठरली, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक चार असे दहा हात करायचा शब्द दिला. ‘तीन नो ट्रम्प’ म्हणजे हुकूम नाही आणि हात नऊ. शब्द पाळण्याची जबाबदारी डिक्लेररची. स्वतःची तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीस पानं तो एकटाच खेळतो. ती सगळी त्याला दिसतात, म्हणून त्याला नेमकं मोजता येतं. बचाव करणाऱ्या दोघांना भिडूच्या पानांचा अंदाजच बांधावा लागतो.

हुकूम नसला तर पक्के हात मोजायचे, म्हणजे मध्ये एकही हात न देता लगेच ओढता येतील असे. पुढचा डाव बघा. बोली तीन नो ट्रम्प, डावीकडून उतारी इस्पिकची राणी.

डमी
इस्पिक: एक्का, ४
बदाम: ८, ५, ३
चौकट: राजा, राणी, गुलाम, १०, ९
किलवर: ९, ७, ४

डिक्लेरर
इस्पिक: राजा, ७, ३
बदाम: एक्का, राजा, ६, २
चौकट: ६, ५
किलवर: एक्का, राणी, ८, ३

इस्पिकचे दोन, बदामचे दोन आणि किलवरचा एक मिळून पाच हात पक्के. हवेत नऊ. चारांची तूट भरायला चौकट आहेच. एक्का प्रतिपक्षाकडे असला, तरी तो बाहेर काढला की उरलेली चार पानं मालक होतात. पाच आणि चार मिळून नऊ. बरेच जण मोजणी इथेच संपवतात आणि पहिल्या हातावर डमीतला एक्का मारतात. त्यांना शिकवलेलंही असतं की ज्या बाजूला पानं कमी, तिकडचं मोठं पान आधी खेळावं. नियम चांगला आहे, पण या डावात तो बुडवतो.

एक्का गेल्यावर काय होतं ते पाहू. डिक्लेरर हातातल्या इस्पिकच्या राजाने डाव आपल्याकडे आणतो, चौकट उतरतो आणि डमीतून राजा घालतो. चौकटचा एक्का बाळगून असलेला शहाणा बचावपटू तो हात सोडून देतो. चौकटच्या दुसऱ्या फेरीला मात्र तो एक्का मारतो. डिक्लेररच्या हातात चौकट दोनच होत्या, त्या संपल्या. डमीत आता चौकटची तीन मालक पानं आहेत, पण तिथे पोचायला वाट नाही. डमीच्या बदामात आणि किलवरमध्ये हात ओढणारं एकही पान नाही, आणि इस्पिकचा एक्का तर पहिल्याच हातावर गेला. ती तीन पानं शेवटपर्यंत तशीच पडून राहतात. सहा हात खात्रीचे उरतात. बाकी सगळं नशिबावर.

म्हणून मोजणीत आणखी एक प्रश्न यावा लागतो: हे हात ओढायला त्या बाजूला जायचं कसं? तो विचारला की इस्पिकचा एक्का ही डमीची एकुलती एक किल्ली आहे हे दिसतं. पहिल्या हातावर डमीतून चौकी आणि हातातून राजा. मग चौकट उतरून डमीचा राजा खेळायचा. प्रतिपक्षाने तो सोडला तर राणी. एक्का येईपर्यंत चौकटच चालवत राहायचं. एक्का आल्यावर त्यांनी इस्पिक परत उतरलं, तर डमीचा एक्का हात घेतो आणि राहिलेल्या चौकटी ओढून होतात. त्यांनी किलवर उतरून डिक्लेररच्या एक्का-राणीला डिवचलं, तर राणी घालून नशीब आजमावण्याचं कारण नाही. नऊ हात मोजून झालेले आहेत. एक्का घ्यायचा, इस्पिकने डमीत जायचं आणि चौकटी ओढायच्या.

ठरलेल्या रंगाचा हुकूम असला की मोजणीची दिशा उलटते. तिथे जाणारे हात मोजणं सोयीचं पडतं. ते एकाच बाजूने मोजायचे, सहसा जिकडे हुकूम लांब तिकडून. म्हणजे बहुतेक वेळा डिक्लेररच्या हातातून. दोन्हीकडची फुटकळ पानं मोजायला घेतली, की एकच जाणारा हात दोनदा धरला जातो आणि जमणारा डावही हरल्यासारखा वाटू लागतो. चार इस्पिकच्या बोलीत तीन हात देता येतात. आता हा डाव, उतारी बदामचा राजा.

डमी
इस्पिक: ८, ६, ४
बदाम: ७, ५, २
चौकट: राणी, गुलाम, ९, ३
किलवर: राजा, राणी, ५

डिक्लेरर
इस्पिक: राजा, राणी, गुलाम, १०, ९
बदाम: एक्का, ८, ३
चौकट: राजा, ८, ४
किलवर: एक्का, ७

डिक्लेररच्या हातातून जाणारे हात असे: इस्पिकचा एक्का, चौकटचा एक्का आणि बदामचे दोन. एकूण चार, म्हणजे एक जास्त. तो घालवायची सोय किलवरमध्ये आहे. डिक्लेररकडे किलवर दोनच, डमीत राजा-राणीसकट तीन. तिसऱ्या किलवरवर हातातलं एक बदाम फेकता येतं.

प्रश्न राहतो तो कधी फेकायचं याचा. ‘आधी हुकूम ओढून घ्या’ हा नवशिक्यांना घोटवलेला दुसरा नियम, आणि तो इथे गळ्याशी येतो. बदामचा एक्का घेऊन लगेच इस्पिक उतरलं, की प्रतिपक्ष एक्का मारतो, बदामचे दोन हात ओढतो आणि चौकटचा एक्काही वाजवतो. चार गेले, डाव एका हाताने बुडाला. डमीतली किलवरची राणी कामाची होती, पण तिची पाळी येण्याआधीच बदाम हातातून गेले होते.

क्रम फिरवला की डाव सुटतो. पहिल्या हातावर बदामचा एक्का. मग किलवरचा एक्का, सत्तीने किलवरच्या राजाकडे, आणि डमीतल्या राणीवर हातातली बदामची तिर्री फेकायची. त्यानंतरच हुकमाला हात लावायचा. प्रतिपक्ष इस्पिकचा एक्का घेतो आणि बदामचा एक हात ओढतो. दुसरं बदाम उतरलं तर डिक्लेरर ते हुकमाने कापतो. चौकटचा एक्का त्यांचा तिसरा आणि शेवटचा हात. आता जिंकलेले हात मोजून पडताळा घ्यावा: इस्पिकचे चार, बदामचा एक, किलवरचे तीन, चौकटचे दोन. बरोबर दहा.

यात धोका नाही असं नाही. प्रतिपक्षाकडे किलवरची आठ पानं आहेत. ती चार-चार किंवा पाच-तीन अशी वाटली गेली असतील, तर तिन्ही फेऱ्या सुखरूप निघतात, आणि हे साधारण 80 टक्के वेळा घडतं. कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी किलवर असले, तर राणी कापली जाण्याची भीती राहते. तरीही बेत हाच. आधी हुकूम ओढण्याचा मार्ग प्रतिपक्षाच्या चुकीवर अवलंबून आहे, आणि ज्याच्याकडे बदामचे मालक पानं आहेत तो ती विसरेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

फक्त जाणारे हात मोजून भागत नाही, याचं एक कारण वर आलं: पडताळा. दुसरं असं की कधीकधी जास्तीचा हात कुठून आणायचा हे पक्के हात मोजल्यावर पटकन दिसतं. पुन्हा चार इस्पिक. डिक्लेररकडे हुकमाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि पंजी, डमीत नव्वी, सत्ती, चौकी. हुकमाचे पाच, बदामच्या एक्क्याचा एक, चौकटचे दोन, किलवरचा एक असे नऊ पक्के. जाणारे चार. बदाम डिक्लेररकडे एक्का, सत्ती, तिर्री आणि डमीत दोनच फुटकळ पानं. दहावा हात तिथे आहे: एक बदाम द्यायचं आणि हातातलं तिसरं बदाम डमीत हुकमाने कापायचं. हातातल्या हुकमाने कापलं असतं तर काहीच वाढलं नसतं, कारण ते पाच हात आधीच मोजलेले आहेत.

इथे डमीतले हुकूमही मोजावे लागतात, कारण समोरचेही डमी पाहतात. डमीत बदाम कमी असेल असा आधीच अंदाज बांधून डावीकडच्याने पहिली उतारीच हुकमाची केली असं समजा. डमीत हुकूम दोन राहिले. डिक्लेररने हात घेतला, बदामचा एक्का खेळला, दुसरं बदाम दिलं. त्या हातावर आत आलेला प्रतिपक्षी पुन्हा हुकूम उतरतो. डमीत एक हुकूम उरला, आणि कापायचंही एकच बदाम आहे. डाव होतो. बदामला हात घालण्याआधी डिक्लेररने सवयीने स्वतःच हुकमाची एक फेरी जास्त ओढली असती, तर तिसरं बदाम उतरताना डमीत कापायला हुकूम उरला नसता, आणि दहाऐवजी नऊच हात झाले असते.